सफारीचे चार खिसे आणि एक पट्टा: सत्तरच्या दशकातला सूट कसा वाचायचा

सत्तरच्या दशकातलं एखादं सफारी जॅकेट हाती लागलं तर आधी त्याचा रंग किंवा कॉलर बघू नका. छातीवरच्या खिशाचं झाकण उचला आणि खिशाच्या मधोमध जी उभी घडी दिसते, तिच्या कडेखाली बोट घालून बघा. बोट आत गेलं, घडी पंख्यासारखी उघडली, तर तो खिसा सामान ठेवण्यासाठी शिवलेला आहे. घडीच्या दोन्ही कडांवरून वरपासून खालपर्यंत टीप मारलेली असेल आणि बोट आत जातच नसेल, तर ती घडी नुसती दिसण्यापुरती आहे. ही एक तपासणी त्या कपड्याबद्दल बरंच काही सांगते, कारण सफारी सूटचा सगळा इतिहास कामासाठी केलेल्या भागांची हळूहळू नक्षी होत जाण्याचा आहे.

हे समजून घ्यायला दोन कपडे वेगळे ओळखावे लागतात. एक बुशशर्ट आणि दुसरं बुश जॅकेट. बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो, पण उष्ण हवेत अंग कसं राखायचं याचं दोघांचं उत्तर अगदी उलट आहे. सत्तरीतल्या सफारीने या दोघांना एकत्र शिवलं, आणि तिथेच तिची गंमत आहे आणि तिची अडचणही.

बुशशर्ट हा शर्टच, फक्त पँटमध्ये न खोचता बाहेर सोडायचा. त्याचा खालचा घेर गोल न कापता सरळ ठेवतात, बाजूला छोटे काप देतात आणि कॉलर गळ्याशी उघडी राहते. कापड अंगाला चिकटत नाही. अंगाच्या उष्णतेने आतली हवा गरम होते, वर चढते, गळ्यातून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालच्या घेरातून नवी हवा आत येते. चुलीच्या धुराड्यात जे होतं तेच इथे होतं. चालताना घेर हलतो, त्यामुळे हवा आणखी खेळती राहते. या कपड्याला पट्टा नसतो आणि नसावाच, कारण कंबर आवळली की धुराडं खालून बंद होतं.

बुश जॅकेटचा हिशोब वेगळा आहे. ते घालणाऱ्याला दिवसभर बाहेर राहायचं असतं, अंगावर सामान वाहायचं असतं, काटेरी झुडपांतून जायचं असतं. म्हणून त्याला लांब बाह्या, चार मोठे खिसे, जाड कापड आणि कंबरेला पट्टा. आपल्याला पट्टा आज शोभेचा वाटतो, पण मूळ जागी त्याला दोन कामं होती. पहिलं काम थंडीचं. सफारी म्हटलं की डोळ्यांसमोर तळपतं ऊन येतं, पण ज्या पूर्व आफ्रिकेतून हा शब्द जगभर गेला, तिथला मोठा भाग उंच पठारावर आहे. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटरवर आहे. तिथली पहाट गार असते. सकाळी पट्टा आवळायचा म्हणजे ऊब आत राहते, आणि ऊन चढलं की सोडायचा म्हणजे तेच जॅकेट बुशशर्टसारखं मोकळं होतं. खिडकी उघडावी-लावावी तसा हा प्रकार आहे.

दुसरं काम वजनाचं. खालच्या दोन खिशांत वही, चाकू, काडतुसं असं काही भरलं आणि जॅकेट सैल असलं, तर वाकताना किंवा धावताना ते सगळं झोके घेतं आणि वजन दोन्ही खांद्यांवरून ओढलं जातं. कंबरेला कापड आवळलं की झोके थांबतात आणि वजनाचा काही भाग नितंबांवर येतो. पाठीवरच्या मोठ्या पिशव्यांना कंबरपट्टा असतो तो याच कारणाने.

आता शब्दांकडे जरा वळतो, कारण इथे मराठी वाचकाला घरबसल्या एक फायदा आहे. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आहे, अर्थ प्रवास, आणि तो अरबीतल्या ‘सफर’वरून आला. आपली सफरही तिथलीच. म्हणजे शब्दाच्या मुळाशी ना शिकार आहे, ना जंगल. आहे तो प्रवास. ‘खाकी’चंही तसंच. फार्सी ‘खाक’ म्हणजे माती, धूळ. ‘जळून खाक झालं’ म्हणताना आपण तोच शब्द वापरतो. १८४६ मध्ये हॅरी लम्सडेन यांनी पेशावरकडच्या सरहद्दीवर गाइड्स नावाची तुकडी उभी केली आणि तिला पुढच्या काही वर्षांत धुळीच्या रंगाचे सैल कपडे दिले. लाल किंवा पांढऱ्या गणवेशापेक्षा तो रंग त्या भूमीत मिसळून जायचा. तिथून हा रंग ब्रिटिश फौजेत पसरत गेला आणि १८९९ ते १९०२ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात सगळी फौज खाकीत होती. सफारी जॅकेटचे चार खिसे, खांद्यावरच्या पट्ट्या आणि कंबरेचा पट्टा या सगळ्याची बेतणी या फौजी कपड्यातूनच आली आहे. खांद्यावरची बटणाची पट्टी ही तर सरळ गणवेशाची खूण. सफारीवर तिच्याखाली एखादा पट्टा अडकवून ठेवता येतो, एवढाच तिचा उपयोग.

आता खिशाकडे परत जाऊ. या कपड्याच्या सगळ्या भागांमध्ये सर्वात जास्त विचार खिशात आहे.

साधा ठिगळ-खिसा, म्हणजे कापडाचा एक चौकोन जॅकेटवर तीन बाजूंनी शिवलेला, हा मुळात चपटा असतो. त्याला जाडी नाही. त्यात जाड वस्तू घातली की जाडीची जागा कुठून तरी यावी लागते, आणि ती अंगाच्या कापडातून ओढून घेतली जाते. म्हणून भरलेल्या साध्या खिशाभोवती जॅकेट चुणतं, बटणपट्टी वाकडी होते. यावर शिंप्यांनी दोन उपाय काढले. एक म्हणजे मधोमध चौकोनी घडी, जिला शिवणकामात बॉक्स प्लीट म्हणतात. दुसरा म्हणजे खिशाच्या तीन बाजूंना भात्यासारखी पट्टी लावणं.

घडीचा हिशोब करून बघू. समजा शिवून झालेला खिसा १४ सेंटीमीटर रुंद हवा आहे आणि मधली घडी वरून ३ सेंटीमीटर दिसायला हवी. घडीच्या प्रत्येक बाजूला कापड दीड सेंटीमीटर आत जातं आणि तितकंच परत बाहेर येतं. म्हणजे एका बाजूला ३ आणि दोन्ही मिळून ६ सेंटीमीटर कापड जास्त लागतं. कडा दुमडायला दोन्हीकडे एकेक सेंटीमीटर धरलं, तर १४ सेंटीमीटरच्या खिशासाठी २२ सेंटीमीटर रुंद तुकडा कापावा लागतो. चार खिसे, चार झाकणं, झाकणांना आतून दुसरा थर, हे सगळं धरलं तर सफारीला साध्या शर्टापेक्षा कापड का जास्त लागतं ते कळतं.

या ६ सेंटीमीटर जादा कापडाचं काय मिळतं? घडी पूर्ण उघडली की खिशाचं पुढचं कापड २० सेंटीमीटरचं होतं, पण त्याच्या दोन कडा अजून १४ सेंटीमीटर अंतरावरच शिवलेल्या असतात. त्यामुळे कापड बाहेरच्या बाजूला कमानीसारखं फुगतं. वीस सेंटीमीटरची कमान चौदा सेंटीमीटरच्या पायावर उभी केली, तर तिची उंची जवळजवळ ६ सेंटीमीटर भरते. प्रत्यक्षात इतकी मिळत नाही, कारण घडी खालच्या शिवणीत आणि बहुतेक वेळा वरच्या काठाशीही पकडलेली असते. ती मधल्या भागातच नीट उघडते. पण त्यातली निम्मी जागा मिळाली तरी जाडजूड वही जॅकेट न ओढता मावते.

भात्याच्या खिशाला ही मर्यादा नाही. त्याच्या तीन बाजूंना, समजा ३ सेंटीमीटरची, दुमडलेली पट्टी असते आणि ती तळाशीही उघडते. म्हणून चौकोनी डबीसारखी वस्तू त्यात तळापर्यंत बसते. तो शिवायला मात्र कठीण, कारण खालचे दोन कोपरे नीट वळवावे लागतात, आणि रिकामा असताना त्याच्या कडा अंगापासून थोड्या उचललेल्या राहतात. म्हणूनच खऱ्या कामाच्या जॅकेटमध्ये एक जोडी बऱ्याचदा दिसते: छातीवर घडीचे खिसे, खाली भात्याचे. छातीवर फुगवटा नको, कारण बंदुकीचा दस्ता खांद्याशी येतो आणि हात समोरून फिरतात. खाली फुगवटा चालतो.

सत्तरीतल्या शहरी सफारीत हा फरक पुसला गेला. चारही खिसे बहुधा एकसारखे, सपाट, मध्ये टीप मारून बसवलेली घडी. काहींमध्ये तर घडीसुद्धा नसते. वरून कापडाची एक उभी पट्टी शिवलेली असते. असं का झालं हे कळायला फार डोकं लागत नाही. दुकानात टांगलेलं जॅकेट सपाट दिसलं पाहिजे, इस्त्री पटकन झाली पाहिजे, आणि घालणारा त्यात पेन, चष्मा आणि सिगारेटचं पाकीट याहून जास्त काही ठेवणार नव्हता. मी याला फसवणूक म्हणणार नाही. मात्र असा खिसा भरला की त्याची सगळी ओढ जॅकेटवर येते, आणि जुन्या सफारींच्या खालच्या खिशांचे वरचे कोपरे नेमके तिथेच फाटलेले सापडतात. शिंपी तिथे आडवा टाका किंवा छोटा त्रिकोण मारून जोर देतो. तो टाका आहे का हे बघणं ही दुसरी चांगली तपासणी.

पट्ट्याचं पुढे काय झालं तेही याच धर्तीवर आहे. शहरात पहाटे आवळायचा आणि दुपारी सोडायचा असा प्रसंगच नव्हता. सामानाचं वजनही नव्हतं. राहिली ती कंबर आत घेऊन खांदे रुंद दाखवण्याची सोय, आणि सत्तरीतल्या कापणीला ती फार आवडत होती. मग तीन प्रकार झाले. काही जॅकेटांना बक्कल असलेला पूर्ण कापडी पट्टा राहिला, बाजूच्या शिवणीवरच्या घरांतून ओवलेला. काहींमध्ये पट्टा पाठीवरच शिवून टाकला, तो पुढे येतच नाही. आणि काहींमध्ये पट्टाच गेला, त्याच्या जागी पुढे-मागे उभ्या चिमट्या शिवून कंबर कायमची आत घेतली. हा तिसरा प्रकार मला उष्ण हवेच्या दृष्टीने सर्वात वाईट वाटतो. पट्टा निदान सोडता तरी येतो. चिमटी उसवल्याशिवाय सुटत नाही. धुराड्याचं तोंड कायमचं अरुंद होतं.

कामाचा पट्टा ओळखायचा तर त्याची जागा बघा. तो छातीच्या आणि खालच्या खिशांच्या मधोमध, खऱ्या कंबरेवर बसला पाहिजे आणि खालच्या खिशांची झाकणं त्याच्या खाली पूर्ण मोकळी उघडली पाहिजेत. झाकण पट्ट्याखाली अडकत असेल तर तो पट्टा आरशासमोर बेतलेला आहे.

बाहीकडे येऊ. इथे सत्तरीने केलेला बदल सर्वात मोठा आहे, आणि तो सहज नजरेतून सुटतो. मूळ बुश जॅकेटच्या बाह्या लांब होत्या. ऊन आणि काटे ही कारणं होतीच, शिवाय संध्याकाळचे डास. हिवतापाच्या प्रदेशात फौजांना सूर्य मावळताना बाह्या खाली सोडण्याची शिस्त असे. तेव्हा आखूड बाही ही जंगलाची नव्हेच. ती बुशशर्टाकडून आलेली, आणि तिचं खरं ठिकाण गाव, कचेरी, व्हरांडा.

पण आखूड बाही आली म्हणून सफारी सूट शक्य झाला. नेहमीचा सूट तीन थरांचा असतो: आत शर्ट, वर अस्तर लावलेला कोट, गळ्यात टाय. शर्टाचं काम घाम शोषण्याचं आणि रोज धुतलं जाण्याचं. कोटाचं काम आकार देण्याचं. सफारीत हे दोन्ही एकाच कपड्याने करायचं ठरलं. अस्तर नाही, आत शर्ट नाही, टाय नाही. जॅकेट थेट अंगावर, किंवा फार तर बनियनवर. आत शर्टच नाही म्हटल्यावर लांब बाहीच्या टोकाशी शर्टाची कफ दिसण्याचा प्रश्नही उरत नाही. त्याच कापडाची पँट जोडीला घातली की औपचारिकतेसाठी जी एक गोष्ट लागते, वरखाली एकच कापड, ती मिळते. म्हणून त्याला सूट म्हणायचं. उष्ण देशांत कचेरीला जाणाऱ्यांसाठी हे साधं पण मोठं पाऊल होतं. सत्तरीत दक्षिण ऑस्ट्रेलियाचे प्रीमियर डॉन डन्स्टन सफारी सूट घालत. जमैकाचे पंतप्रधान मायकेल मॅनली यांनी करीबा नावाचा, टाय-कोटाला उघड नकार देणारा, आखूड बाहीचा जवळचा भाऊबंद सार्वजनिक जीवनात आणला. दोघांनाही थंड देशातल्या हवेसाठी बेतलेला पोशाख आपल्या उन्हात का घालायचा, हाच प्रश्न होता.

फॅशनचा ओघ दुसऱ्या दिशेने आला. १९६८ मध्ये पॅरिसच्या इव्ह सँ लोराँ यांनी स्त्रियांसाठी ‘सहारियेन’ नावाचं खाकी सुती जॅकेट केलं, पुढे दोरीने ओवलेलं, मोठ्या खिशांचं. त्याचं छायाचित्र गाजलं आणि सफारीची बेतणी एकदम मोठ्या शहरांच्या दुकानांत पोचली. म्हणजे सत्तरीत एकच कपडा दोन कारणांनी खपत होता. कुठे तो उन्हावरचा उपाय होता, तर कुठे ज्यांना कधी उन्हात उभं राहायचं नव्हतं त्यांची हौस होती. पुढे कापडात जे झालं ते या दुसऱ्या गिऱ्हाइकामुळे झालं असं माझं मत आहे.

आखूड बाहीच्या जॅकेटात अजून एक जागा तपासण्यासारखी आहे, ती म्हणजे बगलेची शिवण. शर्टाची बाही सपाट जोडतात. आधी बाही खांद्याला लावायची आणि मग बाहीची खालची शिवण व अंगाची बाजू एका दमात मारायची. बाहीचा माथा जवळजवळ सरळ असतो, त्यामुळे हात वर केला तरी कपडा फारसा उचलला जात नाही. कोटाची बाही आधी नळीसारखी शिवून मग गोल भोकात बसवतात, तिचा माथा उंच आणि गोल असतो, खांद्यात थोडी भर असते. हात खाली असताना ती फार सुबक दिसते, हात वर केला की सगळं जॅकेट वर येतं. सफारी हातात घेऊन बाही आतून उलटा. सपाट, दुहेरी टीप असलेली, कापडाच्या कडा आत दडवलेली शिवण दिसली तर तो कपडा शर्टाच्या कुळातला. गोल माथा आणि खांद्यात पॅड दिसलं तर कोटाच्या. सत्तरीत दोन्ही मिळतात, आणि अस्तर नसलेल्या जॅकेटात खांद्याला पॅड हा प्रकार मला अर्धवट वाटतो: घाम शोषून बसणारी गादी तेवढी मिळते.

आता कापड. सुती ड्रिल.

ड्रिल हा तिरप्या विणीचा, म्हणजे ट्विल जातीचा कपडा. साध्या विणीत उभा धागा एका आडव्या धाग्यावरून आणि एकाखालून जातो. ड्रिलमध्ये उभा धागा दोन किंवा तीन आडव्या धाग्यांवरून जातो आणि मग एकाखालून. पुढचा उभा धागा हेच एक पाऊल सरकून करतो, म्हणून कापडावर तिरप्या रेघा उठतात. नावही त्यावरूनच आलं आहे: जर्मन ‘ड्रिलिश’, आणि त्यामागे तीन धाग्यांचं अशा अर्थाचा लॅटिन शब्द.

या विणीचा फायदा काय? धागे वर-खाली कमी वेळा जात असल्यामुळे ते एकमेकांना जास्त जवळ ठासता येतात. तेवढ्याच जाडीच्या सुतात ड्रिल साध्या विणीपेक्षा घट्ट होतो. त्यातून काटा आणि ऊन कमी आत येतं. वर दिसणारे बहुतेक धागे उभे असतात, तेच घासणं सोसतात. आणि कापडाला थोडा ताठपणा येतो. सफारीसाठी हा ताठपणा फार महत्त्वाचा आहे, कारण अस्तर आणि आतून आकार देणारा कॅनव्हासचा थर नसलेल्या जॅकेटात खिसा, झाकण, कॉलर हे सगळं कापडाच्या स्वतःच्या बळावर उभं राहतं. मऊ पॉपलीनचं सफारी शिवून बघा: झाकणं वळतील, कॉलर पडेल.

ड्रिलचे दोषही खरे आहेत. भिजला की जड होतो आणि वाळायला वेळ घेतो. सुरकुत्या लवकर पडतात. आणि न आक्रसवलेला सुती ड्रिल पहिल्या धुण्यांत शेकडा पाचाहून अधिक आटू शकतो. ७५ सेंटीमीटर लांबीचं जॅकेट जवळजवळ चार सेंटीमीटर आखूड होतं आणि पट्टा कंबरेच्या वर सरकतो. जुन्या जॅकेटात खालचे खिसे विचित्र उंचीवर दिसले तर अनेकदा शिंप्याची चूक नसते, कापड आटलेलं असतं. म्हणून कापण्याआधी ड्रिल भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच घ्यावा.

रंगाचीही एक हकिकत आहे. सुरुवातीची खाकी धुण्यात उतरायची. १८८४ मध्ये लँकेशायरमधल्या ॲक्रिंग्टनच्या फ्रेडरिक गॅटी यांनी पक्क्या खाकीचं पेटंट घेतलं. पुढे जी खनिज खाकी रूढ झाली तिच्यात लोखंड आणि क्रोमियम यांचे क्षार कापडात मुरवून तिथेच त्यांची न विरघळणारी संयुगं बनवतात. धाग्यात अक्षरशः गंज आणि माती बसवल्यासारखं. रंग उन्हाला आणि साबणाला दाद देत नाही, पण कापड खरखरीत होतं आणि सुईची धार लवकर जाते.

सत्तरीत ड्रिलची जागा पॉलिस्टरने घेतली. आधी पॉलिस्टर-कॉटनचं मिश्रण, मग निव्वळ पॉलिस्टर, बऱ्याचदा उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं नव्हे तर फाशात फासा अडकवून दुहेरी गुंफलेलं. गिऱ्हाइकाला सुरकुत्या नको होत्या, आणि पॉलिस्टर ते वचन पाळतं. धुऊन टांगलं की सकाळी घालता येतं, फिकट निळा, पिस्ता, बदामी असे रंग त्यावर छान बसतात. खिशांच्या कडा सुरीसारख्या सरळ राहतात. दिसायला सत्तरीतली सफारी यानेच झाली.

पण आठवा, या कपड्याच्या आत शर्ट नाही. शर्टाचं, म्हणजे घाम टिपण्याचं काम याच कापडाने करायचं आहे. कोरड्या-दमट मानाने मध्यम हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी वाफेच्या रूपात धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सफारी जॅकेटाला सव्वादोन चौरस मीटर कापड लागलं आणि कापड दर चौरस मीटरला २५० ग्रॅम भरलं, तर जॅकेट साधारण ५६० ग्रॅमचं होतं. सुती असेल तर त्यात सत्तेचाळीसेक ग्रॅम पाणी ओलं न वाटता मुरलेलं असतं. पॉलिस्टरचं असेल तर जेमतेम दोन ग्रॅम. म्हणून उन्हातून आत आल्यावर सुती जॅकेट अंगाशी कोरडं लागतं, तर पॉलिस्टरमध्ये घाम त्वचेवरच राहतो, कापड पाठीला चिकटतं आणि धुराड्यातून वाहणारी हवा चिकटलेल्या जागी पोचतच नाही. सफारी गुदमरवते अशी जी तक्रार ऐकू येते, ती बहुतेक वेळा या बेतणीची नसून कापडाची असते. तीच बेतणी ड्रिलमध्ये, पट्टा सोडून घातली तर टाय-कोटापेक्षा कितीतरी सुखाची आहे.

हातातलं जॅकेट कशाचं हे नक्की करायचं तर खालच्या दुमडीच्या आतून एक उभा आणि एक आडवा असे दोन धागे ओढून काढा; दोन्ही काढायचे, कारण मिश्र कापडात कधी कधी उभा आणि आडवा धागा वेगळ्या जातीचे असतात. गुंफलेलं कापड असेल तर धागा सरळ निघतच नाही, फासे उसवत येतात, आणि तिथेच ते ड्रिल नाही हे ठरतं. निघालेले धागे चिमट्यात धरून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून, काडीने पेटवा. कापूस कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे बोटाने चुरगळणारी करडी राख राहते. पॉलिस्टर ज्वाळेपासून आधी आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक मणी जमतो. तो थंड होईपर्यंत हात लावू नका, चटका बसतो. राख आणि मणी दोन्ही मिळाले तर मिश्रण.

आणि कापडाचा मूळ रंग शोधत असाल तर पट्ट्याच्या घराखालचं कापड बघा. पन्नास वर्षांपूर्वी त्या जॅकेटाचा रंग काय होता, तो तिथे ऊन न लागलेल्या दोन बोटं जागेत बहुधा तसाच सापडतो.